कार्डाचा व्यवहार ‘पेंडिंग’ दिसतोय? या चुका टाळा

कार्ड स्वाइप केलं म्हणजे पैसे दुकानदाराच्या खात्यात पोचले, असं नसतं. त्या क्षणी बँक फक्त मंजुरी देते आणि तेवढी रक्कम अडवून ठेवते. दुकानदाराच्या बँकेकडून हिशोब आला की व्यवहार पक्का होतो, तोवर तो पेंडिंग. साध्या खरेदीत हे बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत मिटतं. मध्ये सुट्ट्या आल्या तर थोडं लांबतं.

खरा घोळ होतो हॉटेलात. समजा, महाबळेश्वरला चेक-इन करताना काउंटरवर क्रेडिट कार्डावर १०,००० रुपये अडवले. यालाच प्री-ऑथ म्हणतात. निघताना बिल झालं ७,६०० आणि तुम्ही ते यूपीआयने भरलं. इथेच चूक झाली. हॉटेलच्या दृष्टीने बिल मिटलं, पण कार्डावरची अडवणूक कुणी सोडवलेलीच नाही! ती आपोआप सुटायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो आणि तोवर तुमची लिमिट १०,००० ने कमीच राहते. त्यामुळे बिल त्याच कार्डावर, त्याच प्री-ऑथमधून वळतं करायला सांगा. दुसरीकडून भरायचंच असेल, तर काउंटर सोडण्याआधी प्री-ऑथ रद्द करून त्याची स्लिप घ्या. स्लिपवरचा अप्रूव्हल कोड पुढे बँकेला सांगायला उपयोगी पडतो.

दुसरी चूक घाईची. दुसऱ्याच दिवशी कस्टमर केअरला फोन लावला, तर बहुधा ‘एंट्री पोस्ट झाल्यावर तक्रार करा’ असंच उत्तर मिळतं. ते टोलवाटोलवीचं वाटतं, पण रक्कम अजून वसूलच झालेली नसते. पेंडिंग असताना ती सोडवायला दुकानदाराला सांगणं जास्त लवकर फळतं.

पैसे कापले गेले, पण दुकानात स्लिप निघाली नाही किंवा साइटवर ऑर्डर लागली नाही, तर मात्र लगेच पुन्हा पैसे भरू नका. आधी बँकेचा मेसेज आणि ऑर्डरची स्थिती बघा. अशी फसलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार त्यापुढे उशीर झाला, तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. सहाव्या दिवशी लेखी तक्रार करा.

वाट बघायची नाही, असा प्रसंग एकच: व्यवहार तुम्ही केलेलाच नाही. रक्कम दोन रुपयांची असली तरी आधी कार्ड ब्लॉक करा, कारण चालू कार्ड तपासायला चोर अशा किरकोळ रकमाच वापरतात. मात्र एखाद्या अ‍ॅपमध्ये नुकतंच कार्ड जोडलं असेल, तर ती पडताळणीची रक्कम असू शकते, एवढं आठवून बघा. पेंडिंग आहे म्हणून तक्रार लांबवू नका. चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. स्वतःच ओटीपी दिला असेल, तर हे संरक्षण सहसा मिळत नाही. तेव्हा १९३० या सायबर हेल्पलाइनवरही लगेच फोन करा.