परेडचं गाणं आठवत नसेल तर आधी पाय हलवा

शाळेच्या परेडमधलं गाणं अर्धवटच आठवतंय? जागच्या जागी डावा-उजवा करत चाल गुणगुणा, विसरलेल्या शब्दांच्या जागी नुसतं ता-ता म्हणा, आणि ओळीच्या शेवटी कुठला आवाज परत परत येतोय ते पकडा, कारण यमक लक्षात राहायला सोपं असतं. समजा 'खुशी के गीत' आणि शेवटी 'जा' एवढंच आठवलं, तर 'खुशी के गीत' अवतरणचिन्हात टाकून आणि 'जा' बाहेर ठेवून सर्च करा, आझाद हिंद फौजेचं 'कदम कदम बढाये जा' सापडेल. लहानपणी ऐकलेले शब्द मात्र चुकीचे असू शकतात, 'कौम'चं 'काम' झालेलं असतं, म्हणून काहीच सापडलं नाही तर शंका असलेला शब्द काढून बघा. आणि सापडलेलं गाणं त्याच पावलांवर म्हणून बघा, बसत नसेल तर गाणं बहुतेक दुसरंच आहे.