११८० शब्दांचा लेख ७०० शब्दांत बसवायचाय? आधी डबल बेल शोधा

स्पर्धेची मर्यादा ७०० शब्द आणि लेख झालाय ११८०. मग बहुतेक जण काय करतात, तर प्रत्येक वाक्यातून एकेक शब्द उपटायला बसतात, आणि रात्री दोन वाजता १०९० वर अडकतात. ४८० शब्द असे निघत नाहीत हो. तेवढे काढायचे तर प्रसंगच्या प्रसंग उडवावे लागतात, आणि कुठला उडवायचा हे ठरवायला आधी लेखाचा जीव कुठाय ते माहीत पाहिजे.

माझ्या मावसबहिणीचा लेख घेऊन सांगते (तिला विचारलंय). तिचे वडील एसटीत कंडक्टर. लेखात शेवटी ते दवाखान्यात आहेत, बोलता येत नाही, ही सारखी घरी चला घरी चला म्हणतेय आणि ते कॉटच्या लोखंडी दांड्यावर बोटाने दोनदा टकटक करतात. बस. हाच जीव. ती जागा पिवळी करून टाका आणि तिथे शेवटपर्यंत हात लावायचा नाही, वाक्य लांबलंय वाटलं तरी नाही, कारण वाचकाला तिथे थोडा वेळ थांबायचं असतं.

आता पुढची पायरी, जी लोक विसरतात. त्या जागेपासून उलटं मागे जा आणि विचारा, हे कळायला वाचकाला आधी काय माहीत हवं? इथे एकच गोष्ट: एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ही माहिती लेखात कुठे येते ते शोधून तीही पिवळी करा.

मग प्रत्येक भागाचे शब्द मोजा, गूगल डॉक्समध्ये तेवढा भाग सिलेक्ट करून Ctrl+Shift+C. तिचा हिशोब असा होता: एसटीचा इतिहास ११०, गाव ९०, नोकरी कशी लागली १४०, तिकिटांचा ट्रे आणि पंच १२०, दिवाळीतली ड्युटी १८०, संप १७०, निरोप समारंभ १५०, दवाखाना २२०. इतिहास काढताना तिला काहीच वाटलं नाही. संपाला मात्र जाम चिकटून बसली, कारण ते दिवस घरात खरंच वाईट गेलेले. पण तो वेगळा लेख आहे, वेगळ्या फाईलमध्ये टाक म्हटलं, तेव्हा कुठे सोडला. निरोप समारंभही गेला आणि ७५० उरले.

आणि इथेच घोटाळा झाला. लेख मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, छान आहे गं, पण दोनदा का वाजवलं? डबल बेलचा अर्थ निरोपाच्या भागात होता ना, तो आम्ही सगळाच उडवलेला! म्हणून कापल्यावर लेख न वाचलेल्या माणसाला एकदा वाचून दाखवायचाच, असा प्रश्न आला की समजायचं पाया कापला गेलाय. निरोप काही परत घेतला नाही, दिवाळीच्या ड्युटीत ही लहानपणी बाबांसोबत गाडीत होतीच, तिथे बाबा तिच्या हातात बेलची दोरी देतात आणि अर्थ सांगतात एवढं घातलं, २२ शब्द. झाले ७७२.

नंतर शेवट बघा. टकटकीनंतर तिने ६० शब्द लिहिले होते, तेव्हा मला कळलं की बाबांना घर म्हणजे काय वगैरे. हे जवळजवळ प्रत्येक लेखात असतं, वाचकाला समजेल की नाही या भीतीने लिहिलेलं. सगळं काढलं, ७१२.

शब्द उपटायचं काम आत्ता, सगळ्यात शेवटी. मराठीत क्रियापदावरून कर्ता कळतो, म्हणून ‘मी गेले’ मधला मी बऱ्याचदा नकोच असतो. ‘सांगण्याचा प्रयत्न करत होते’ चं ‘सांगत होते’ करा, अर्थात प्रयत्न फसला हे सांगायचं नसेल तरच. ‘बाबांच्या डोळ्यांमध्ये पाणी आल्याचं मला दिसलं’ हे सहा शब्द, ‘बाबांचे डोळे भरले’ हे तीन. आणि फोनवर टाईप करताना आपण ‘बाबां साठी’, ‘गाडी मध्ये’ असं तोडून लिहितो, ते व्याकरणाने जोडूनच लिहायचं असतं, त्यामुळे तिथले शब्द फुकटात वाचतात. पण म्हणून ‘केलंहोतं’ असं चिकटवू नका, परीक्षकांना ती चलाखी लगेच दिसते.

शीर्षक मोजतात का ते नियमात बघा, लिहिलेलं नसेल तर आयोजकांना विचारा. आम्ही ते धरूनच मोजलं आणि थोडी जागा शिल्लक ठेवली. तिचे शेवटी ६९१ भरले, दवाखान्यातली टकटक होती तशीच.