वडिलांचं दुकान मुलांच्या हाती: कागद कोणत्या क्रमाने करायचे

आमचं हार्डवेअरचं दुकान माझ्या नावावर आलं तेव्हा मी एक महागडी चूक केली. त्यानंतर बाजारपेठेतल्या बऱ्याच दुकानांचे कागद मी पुढाकार घेऊन करून दिले. हे लिहितोय ते एकट्या मालकाच्या दुकानांबद्दल. लायसन्स वडिलांच्या नावावर आहे, वडील हयात आहेत आणि मुलं हाताशी आली आहेत, अशी ही घरं. कोणाला किती द्यायचं हा भांडणाचा विषय घरात आधी मिटलेला आहे, असं धरून चालतो.

पहिली गोष्ट. 'बाबांचा जीएसटी नंबर माझ्या नावावर करून द्या' असं कोणी सल्लागाराला सांगत असेल, तर ते होत नाही. एकट्या मालकाच्या दुकानाचा नंबर त्या माणसाच्या पॅनला बांधलेला असतो. पॅन बदलला की नंबर नवाच घ्यावा लागतो. मग ती उठाठेव एकदाच करा आणि सरळ भागीदारी फर्म काढा. फर्मला स्वतःचा पॅन मिळतो. पुढे वडील निवृत्त होवोत की नातू आत येवो, माणसं बदलली तरी नंबर तोच राहतो.

भागीदारीपत्रात फक्त दोन नावं घालू नका. बहुतेक छापील मसुद्यांत 'भागीदाराचा मृत्यू झाल्यास फर्म बंद होणार नाही' असं कलम असतं आणि लोक ते वाचून निर्धास्त होतात. बाप-लेक दोघेच भागीदार असतील आणि त्यातला एक गेला, तर ते कलम कुचकामी ठरतं. एकट्या माणसाची भागीदारी असूच शकत नाही, म्हणून फर्म आपोआप विसर्जित होते. मग तेराव्याच्या आत नवा पॅन, नवं खातं, नवा नंबर अशी धावाधाव सुरू होते. आई, बहीण किंवा सून यांपैकी कोणाला तरी तिसरी भागीदार करा, हिस्सा 5 टक्के असला तरी चालेल. भागीदारीपत्राची रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला उधारी बुडवणाऱ्यावर दावा लावता येत नाही.

गाळा वडिलांच्या मालकीचा असेल तर तो फर्मच्या भांडवलात टाकू नका. टाकलात की भांडवली नफ्याचा कर आणि मुद्रांक शुल्क दोन्ही अंगावर येतात. तो वडिलांच्या नावावरच ठेवा आणि फर्मशी भाडेकरार करा. '200 रुपयांच्या स्टॅम्पवर मुलाला बक्षीसपत्र होतं' असं कोणी सांगेल. ती सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे, दुकानाच्या गाळ्याला नाही. गाळा जुन्या भाड्याचा किंवा पागडीचा असेल तर फर्म सुरू करण्याआधीच मालकाची लेखी संमती घ्या. वडील दुकानात बसायचे थांबले आणि पावती अजून त्यांच्याच नावे निघत असेल, तर मालकाचा वकील त्याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणू शकतो.

आता माझी चूक. नवा नंबर आला त्याच आठवड्यात आमच्या त्या वेळच्या सल्लागाराने जुना नंबर रद्द करायचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, धंदा बंद केला. मला वाटलं, काम झालं. पण नंबर रद्द होताना दुकानात जो माल शिल्लक असतो, त्याच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं आधी घेतलेलं क्रेडिट सरकारला परत द्यावं लागतं. त्या दिवशी दुकानात पाइप, रंग, खिळे, कुलपं असा 14 लाखांचा माल होता. 18 टक्क्यांनी त्यावरचं क्रेडिट झालं 2,52,000. क्रेडिट लेजरमध्ये 61,000 शिल्लक होते, ते त्यातच गेले आणि उरलेले 1,91,000 रुपये रोख भरले. माल मात्र तिथल्या तिथे, त्याच फळ्यांवर होता.

क्रम बरोबर ठेवला असता तर यातलं काहीच भरावं लागलं नसतं. आधी फर्मचा नवा नंबर घ्यायचा. मग धंदा सगळ्या मालासह, देण्या-घेण्यासह चालू स्थितीत फर्मकडे सोपवल्याचा करार करायचा. 'देणी फर्मकडे येतील' हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. जुन्या नंबरची सगळी रिटर्न भरून घ्यायची आणि मग जुन्या लॉगिनमधून क्रेडिट नव्या नंबरकडे वळवणारा GST ITC-02 हा फॉर्म टाकायचा. त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं. बरेच जण इथे थांबतात, पण नव्या लॉगिनमधून तो स्वीकारल्याशिवाय क्रेडिट येत नाही. 61,000 नव्या लेजरमध्ये डोळ्यांनी पाहा, मगच जुना नंबर रद्द करायचा REG-16 अर्ज टाका. त्यात कारण 'धंदा बंद' असं नको. धंद्याचं स्वरूप बदलून पॅन बदलला, हे कारण निवडा आणि नवा नंबर तिथे लिहा. रद्दीचा आदेश आल्यावर जुन्या नंबरचं शेवटचं रिटर्न, GSTR-10, तीन महिन्यांत भरायचं.

रोख लेजरमधले पैसे ITC-02 ने जात नाहीत. त्यांचा परतावा वेगळा मागावा लागतो, म्हणून शेवटच्या महिन्यात तिथे जास्त भरून ठेवू नका. हे सगळं 1 एप्रिलला धरून करा, हिशेबाची वर्षं तुटत नाहीत.

गुमास्ता, व्यवसाय कर, उद्यम, वीजमीटर, काट्याचं प्रमाणपत्र: नव्या नावाने करून घ्या. किराणा किंवा खाद्यपदार्थ असतील तर फूड लायसन्स फर्मच्या नावे नवं घ्या. मेडिकलवाल्यांनी मात्र घाई करावी. मालकी किंवा भागीदार बदलल्यापासून जुनं औषध लायसन्स जास्तीत जास्त तीन महिने चालतं, त्याच्या आत नवं हातात हवं.

काउंटरवरचा क्यूआर कोड पहिल्या दिवशी बदला. एका दुकानात दोन महिने विक्री फर्मची आणि पैसे वडिलांच्या खात्यात, असा घोळ मी निस्तरला आहे. जुनं खातं मात्र लगेच बंद करू नका, उधारीचे जुने चेक त्याच नावाने येतात.

पुढची व्यवस्था भागीदारीपत्रातच लिहा. भागीदार गेल्यास वारस आपोआप भागीदार होणार नाही, त्याला भांडवल खात्यातली रक्कम मिळेल. ती कोणत्या तारखेच्या ताळेबंदावरून काढायची, नावलौकिकाची किंमत धरायची की नाही, किती हप्त्यांत द्यायची हेही लिहा. आम्ही तिमाहीचे 12 हप्ते ठेवले. हे लिहिलं नाही आणि हिशेब रखडला, तर कायद्याने वारस तोपर्यंतच्या नफ्यातला वाटा किंवा 6 टक्के व्याज मागू शकतो, आणि निवड त्याची. दुकानात न बसणाऱ्या बहिणीला काय मिळणार ते वडिलांच्या मृत्युपत्रात हवं, कारण मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात ती गाळ्यात आणि वडिलांच्या भांडवलात समान वारस आहे. दोन साक्षीदार पुरतात, स्टॅम्प लागत नाही.

वडील निवृत्त होतील त्या दिवशी निवृत्तीपत्रावर सही झाली म्हणून पेढे वाटू नका. रजिस्ट्रारला कळवा, राजपत्रात आणि एका मराठी वर्तमानपत्रात नोटीस द्या. जीएसटी नोंदणीतून त्यांचं नाव 15 दिवसांत काढायला टाका आणि निवृत्तीचं पत्र एका महिन्याच्या आत जीएसटी कार्यालयाला द्या. ते उशिरा पोचलं तर तोपर्यंतच्या फर्मच्या करासाठी वडीलही जबाबदार धरले जातात. बँकेच्या कॅश क्रेडिटला त्यांची वैयक्तिक हमी असेल, तर ती सोडल्याचं पत्र बँकेकडून मागून घ्या. बँक ते स्वतःहून देत नाही.