रेसिपी रील: कॅप्शन आणि स्क्रीनवरचा मजकूर लिहिताना या चुका टाळा

साबुदाण्याच्या खिचडीचा 30 सेकंदांचा रील घेऊ. सर्रास दिसणारी चूक म्हणजे सगळं साहित्य पहिल्या दोन सेकंदांत स्क्रीनवर ओतणं. आठ ओळी तेवढ्यात कुणी वाचत नाही, आणि वाचायला थांबलं तर कढईत काय चाललंय ते निसटतं.

कामाची वाटणी साधी आहे. हात आत्ता जे करतोय त्याचं प्रमाण किंवा खूण स्क्रीनवर, आणि पूर्ण माप व कारण कॅप्शनमध्ये. भिजलेला साबुदाणा दाखवताना स्क्रीनवर ‘दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे’ एवढंच पुरे. कॅप्शनमध्ये लिहा: ‘1 वाटी साबुदाणा धुवून, जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात 4-5 तास भिजवा. पाणी जास्त झालं तर खिचडीचा गोळा होतो.’ तेच वाक्य दोन्हीकडे टाकलं, तर कॅप्शन उघडणाऱ्याच्या हाती नवीन काही लागत नाही.

एका वेळी पाच-सहा शब्द ठेवा आणि ते सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत राहू द्या. शॉट त्याहून छोटा असेल तर शब्द कमी करा, शॉट उगाच ताणू नका.

कॅप्शनची पहिली ओळ ‘नमस्कार मैत्रिणींनो’मध्ये घालवू नका. बाकीचं ‘more’ दाबल्याशिवाय दिसत नाही, म्हणून सुरुवातच ‘खिचडी चिकट होते? पाणी जास्त पडतंय’ अशी हवी.

मजकूर अगदी खाली ठेवला तर त्यावर तुमचं नाव आणि कॅप्शन येतं, उजव्या कडेला लाइकची बटणं येतात. तेव्हा तो मधल्या पट्ट्यात, थोडा वर आणि डावीकडे ठेवा. खिचडी पांढरी, त्यावर पांढरी अक्षरं म्हणजे सगळंच गायब. अक्षरांमागे गडद पट्टी द्या. एडिटिंग ॲपमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते, काही फॉन्टमध्ये जोडाक्षरंही फुटतात. ते अंतर शून्यावर ठेवा आणि ‘कूट घालून परता’, ‘मिरच्या’ असे शब्द एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओत नीट दिसतात का ते बघा.

सगळ्यात महागात पडतो तो आकड्यांचा घोळ. स्क्रीनवर ‘कूट अर्धी वाटी’ आणि कॅप्शनमध्ये ‘पाऊण वाटी’ असलं, की कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येतो. असं होतं, कारण स्क्रीनवरचं एडिटिंग करताना लिहिलेलं असतं आणि कॅप्शन पोस्ट करताना आठवून. म्हणून शूटिंगआधीच मापं नोट्समध्ये लिहा आणि दोन्हीकडे तिथूनच कॉपी करा. चमचा म्हणजे चहाचा की पोह्यांचा, हेही तिथेच ठरवा. पोस्ट करण्याआधी आवाज बंद करून रील बघा: मीठ कधी पडलं आणि झाकण ठेवलं की नाही, हे कळत नसेल तर मजकूर त्याच जागी कमी पडतोय.