कुत्रा चावण्याआधी काय काय सांगतो, ते कसं ओळखावं

"शेपूट हलवतोय ना, काही करत नाही तो," असं मालक म्हणाला तरी हात पुढे करण्याआधी ते शेपूट नीट बघा. शेपूट हलतंय याचा अर्थ कुत्रा उत्तेजित झालाय, एवढाच. मधल्या उंचीवर सैल शेपूट आणि सोबत कंबरही डुलतेय, तर स्वारी खुशीत आहे. शेपूट काठीसारखं ताठ उभं आणि नुसतं टोक भराभर थरथरतंय, तर लांब राहा. पायांत घातलेलं शेपूट भीतीचं. आणि घाबरलेल्या कुत्र्याला पळायला वाट नसेल तर तो चावू शकतो. मात्र आधी त्याचं नेहमीचं शेपूट माहीत हवं. पामेरियनचं एरवीही पाठीवर वळलेलं असतं, कारवानचं खाली लोंबतं.

मग तोंडाकडे या. समजा, घरचा लॅब्रेडॉर चटईवर हाड चघळतोय आणि सहा वर्षांची मुलगी त्याच्या गळ्यात पडायला निघालीय. पहिली खूण म्हणजे चघळणं थांबतं आणि मान हाडावर झुकते. मग तो तोंड दुसरीकडे वळवतो, जीभ नाकावरून झर्रकन फिरवतो, कदाचित जांभई देतो. झोपेतून उठल्यावरची जांभई वेगळी. समोर कुणी आल्यावर दिलेली जांभई ताणाची. पुढे मान न हलवता तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो, तेव्हा बुबुळाशेजारी पांढरी कोर दिसते. त्यानंतर सगळं अंग क्षणभर गोठतं. धोक्याची खूण हीच, आणि तो शांत बसलाय असं वाटून नेमकी हीच नजरेतून सुटते. गुरगुरणं, दात दाखवणं, हवेत तोंड मारणं हे बहुधा यानंतरचं.

मान वळली की लगेच मुलीला नेहमीच्या आवाजात आपल्याकडे बोलवा. ओरडू नका, कुत्र्याचा पट्टा ओढू नका, हाड हिसकावू नका. हाड काढून घ्यायचंच असेल तर चिकनचा तुकडा लांब टाका, तो उठून तिकडे गेला की मगच उचला.

गुरगुरला म्हणून फटका मारणं तर सगळ्यात वाईट. भीती तशीच राहते, फक्त गुरगुरणं बंद होतं, आणि पुढच्या वेळी लोक म्हणतात, "काही न करता चावला हो!"

या खुणा दर वेळी क्रमाने येतीलच असं नाही. कान किंवा सांधा दुखत असलेला कुत्रा हात लागताच थेट चावू शकतो. एरवी अंगाखांद्यावर खेळणारा कुत्रा अचानक कुणाला हात लावू देत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्रा घरचा असला तरी.