पहिलं डिमॅट खातं उघडताना: कुठे थांबायचं, काय वाचायचं

गेल्या महिन्यात मावशीचं डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं उघडायला बसलो. दहा मिनिटांत होतं म्हणतात, आम्हाला तीन आठवडे लागले. पॅनवर तिचं माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं, त्यामुळे अर्ज तिथेच अडला. म्हणून ब्रोकरचं ॲप उतरवण्याआधी पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून तिन्हींवरचं नाव ताडून बघा. फरक असेल तर आधी पॅन दुरुस्त करून घ्या. आधारला जोडलेला मोबाइलही हाताशी हवा, कारण शेवटची ई-साइन त्यावर आलेल्या ओटीपीनेच होते.

त्याआधीचं काम म्हणजे ब्रोकर खरा आहे का ते बघणं. प्रत्येक ब्रोकरला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक असतो आणि तो INZ ने सुरू होतो. ब्रोकरच्या संकेतस्थळावर तळाशी तो छापलेला असतो, पण छापायला काय, कोणीही छापेल. sebi.gov.in वर Recognised Intermediaries या यादीत तोच क्रमांक आणि तेच नाव सापडतं का बघा. ॲपची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेऊ नका, ब्रोकरच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावच्या खात्यात भरायला सांगितलं, तर तिथेच थांबा. यूपीआयने भरत असाल तर नोंदणीकृत ब्रोकरच्या आयडीत .brk आणि त्यापुढे @valid असतं.

फॉर्ममध्ये 'फ्युचर्स-ऑप्शन्स'ची, म्हणजे शेअरांच्या पुढच्या भावावरच्या जोखमीच्या सौद्यांची, खूण आधीच केलेली असू शकते. ती काढा. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि नुसते शेअर घ्यायला त्याची गरज नसते.

आता खर्च. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'खातं मोफत' असतं. खरा हिशोब दरपत्रकात असतो, तो एका उदाहरणाने बघू. समजा ब्रोकरेज दर सौद्याला 20 रुपये आहे आणि तुम्ही 10,000 रुपयांचे शेअर घेऊन काही दिवसांनी त्याच भावाला विकले. दोन वेळचं ब्रोकरेज झालं 40 रुपये. एसटीटी, म्हणजे शेअरांच्या सौद्यावरचा सरकारी कर, खरेदीवर आणि विक्रीवर 0.1 टक्का, म्हणजे 10 आणि 10. खरेदीवर मुद्रांक शुल्क दीड रुपया. ब्रोकरेजवर 18 टक्के जीएसटी, सव्वासात रुपयांच्या आसपास. शिवाय विकताना शेअर डिमॅटमधून बाहेर काढण्याचा डीपी चार्ज लागतो, तो जीएसटी धरून 17-18 रुपये धरू. शेअर बाजाराची किरकोळ आकारणी मिळवली की एकूण 87 रुपयांच्या आसपास जातात. भाव पाऊण टक्क्याहून थोडा जास्त वाढला तरच तुम्ही मुद्दलावर याल.

हाच सौदा 2,000 रुपयांचा केला तर जवळपास 69 रुपये जातात, म्हणजे साडेतीन टक्के! ब्रोकरेज आणि डीपी चार्ज रक्कम लहान म्हणून कमी होत नाहीत. त्यातही डीपी चार्ज दर कंपनीला, दर दिवशी लागतो. एकाच कंपनीचे शेअर सोमवारी निम्मे आणि मंगळवारी निम्मे विकले, तर तो दोनदा बसतो.

वार्षिक देखभाल शुल्काचं एक विचारून घ्या. तुमच्या नावावर एकच डिमॅट खातं असेल आणि त्यातल्या शेअरांचं मूल्य 4 लाखांपर्यंत असेल, तर 'बेसिक सर्व्हिसेस' प्रकारच्या खात्याला हे शुल्क शून्य आहे.

नॉमिनीच्या पानावर मावशी म्हणाली, "नंतर भरू." नंतर कोणी भरत नाही. 2025 पासून दहा जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहायचा, नातं लिहायचं, आणि पॅन, वाहन परवाना किंवा आधारचे शेवटचे चार अंक यांपैकी एक द्यायचं. पत्ता, मोबाइल आणि ईमेलही लागतो. नॉमिनी लहान असेल तर जन्मतारीख भरा. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. शेअर त्याच्या ताब्यात येतात, मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्याने ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. मावशीने धाकट्याला नॉमिनी केलं आणि मृत्युपत्र केलं नाही, तर थोरल्याचा हक्क तसाच राहतो. हे ऐकल्यावर तिने दोघांची नावं घातली, निम्मा-निम्मा वाटा.

ई-साइनच्या आधी डीडीपीआय नावाचा कागद येतो. तुम्ही विकलेले शेअर खात्यातून वळते करायचा अधिकार तो ब्रोकरला देतो. तो ऐच्छिक आहे. नाही दिलात तर विकताना दरवेळी पिन आणि ओटीपी टाकावा लागतो. क्वचित विकणाऱ्याला तेवढा त्रास परवडतो.

खातं सुरू झालं की एखादाच शेअर घ्या. लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी तो डिमॅटमध्ये यायला हवा. मात्र तो ब्रोकरच्या ॲपवर बघून भागत नाही, कारण बनावट ॲपवर वाट्टेल तो आकडा दिसतो. डिमॅटमधले शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोनपैकी एका संस्थेकडे नोंदलेले असतात. खाते क्रमांक IN ने सुरू होत असेल तर खातं एनएसडीएलकडे आहे, सोळाही अंकच असतील तर सीडीएसएलकडे. त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लॉगिन करून तो शेअर दिसतो का बघा. दिसला की मगच पुढची रक्कम भरा.