आईला व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ गॅलरीत ठेवायला कसं शिकवावं

"अरे, नाचाचा तो व्हिडिओ गॅलरीत कसा घ्यायचा?" आईचा असा फोन आला की आपण घाईघाईने सांगायला लागतो. तीन ठिपके दाब, सेटिंगमध्ये जा, खाली सरकव. पाच मिनिटांत ती म्हणते, "जाऊ दे, तू आलास की करू." आपण सांगितलेल्या पायऱ्या चुकीच्या असतात असं नाही. पण नेमकं काय अडलंय हे न विचारताच आपण उपाय सांगत सुटलेलो असतो.

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ गॅलरीत दिसत नसेल, तर त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. व्हिडिओ अजून फोनमध्ये उतरलेला नाही. उतरलाय, पण गॅलरीपासून लपवलेला आहे. किंवा गॅलरीतच आहे, पण आई दुसऱ्याच ठिकाणी शोधतेय. माझ्या अनुभवात तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा निघतं आणि आपल्याला ते सर्वांत शेवटी सुचतं. पुढचं सगळं अँड्रॉइड फोन धरून लिहिलंय, आयफोनचं वेगळं शेवटाकडे आहे. फोनच्या कंपनीप्रमाणे एखादं बटण इकडेतिकडे असू शकतं.

आधी फोन कसा लावायचा

समजवायचं असेल तेव्हा साधा फोन लावा आणि आईला स्पीकर चालू करायला सांगा, म्हणजे मोबाइल कानाला न लावता समोर धरता येतो. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायची सोयही आहे, पण ती सुरू करायला शिकवणं हाच एक वेगळा धडा होतो.

"आयकॉन", "मेनू", "थ्रेड" असले शब्द टाळा. दिसतं ते सांगा: "वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन ठिपके आहेत का?" आणि प्रत्येक पायरीनंतर तिलाच विचारा, "आता काय दिसतंय?" ती जे वाचून दाखवते त्यावरून पुढची पायरी ठरवा. तुमच्या फोनवर जे दिसतंय ते तिच्याही फोनवर असेल असं गृहीत धरलंत, की फसलात.

पहिली पायरी: उतरलाय का ते बघणं

आईला तो व्हिडिओ असलेली चॅट उघडायला सांगा आणि विचारा, "चित्र धूसर आहे की स्वच्छ?" धूसर असेल आणि त्यावर खाली जाणारा बाण आणि `14 MB` असा काहीतरी आकडा असेल, तर व्हिडिओ अजून फोनमध्ये आलेलाच नाही. तो बाण एकदा हलकेच दाबायचा, मग गोल फिरत राहील, तो थांबेपर्यंत वाट पाहायची. चित्र स्वच्छ झालं आणि बाण, आकडा दोन्ही गेले, की व्हिडिओ उतरला.

इथे एक गोष्ट हमखास होते. हलकेच दाबायच्या ऐवजी बोट जरा जास्त वेळ टेकतं. मग चॅटमधला तो भाग रंग बदलतो आणि वर एक पट्टी येते, तिच्यात कचऱ्याचा डबा असतो. आई घाबरते, "काहीतरी झालं!" तिला आधीच सांगून ठेवा की असं झालं तर काहीही न दाबता खालचं मागे जाण्याचं बटण दाबायचं, एकदाच. सगळं पूर्ववत होतं.

बाण दाबूनही उतरत नसेल तर दोन शक्यता तपासा. फोनमध्ये जागा नसेल, तर तसा संदेश स्क्रीनवर येतो. तो तिला वाचून दाखवायला सांगा. किंवा व्हिडिओ खूप जुना असेल, तर तो आता उपलब्धच नसतो आणि पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. म्हणून जो व्हिडिओ जपायचा आहे तो आला त्याच आठवड्यात उतरवून घ्यायची सवय बरी.

आणखी एक गफलत. काही वेळा आई ज्याला व्हिडिओ म्हणतेय तो यूट्यूबचा दुवा असतो. चित्र असतं, मध्ये त्रिकोणही असतो, पण त्याखाली निळ्या अक्षरांत `https` ने सुरू होणारी ओळ असते. असा व्हिडिओ गॅलरीत जात नाही, कारण फोनमध्ये आलेला असतो तो फक्त पत्ता. पत्ता जपायचा असेल तर त्या संदेशाला तारा लावून ठेवायचा, म्हणजे पुन्हा सापडतो. तसंच एकदाच पाहता येणारा म्हणून कुणी पाठवलेला व्हिडिओ जतन करता येत नाही, आणि दुसऱ्याचं स्टेटस २४ तासांनी निघून जातं. या दोन्हींसाठी पाठवणाऱ्यालाच साध्या संदेशातून व्हिडिओ मागावा.

दुसरी पायरी: गॅलरीत योग्य ठिकाणी शोधणं

व्हिडिओ उतरलाय हे पक्कं झालं, की सेटिंगला हात लावायच्या आधी गॅलरी उघडायला सांगा. बहुतेक फोनांत व्हॉट्सॲपचे व्हिडिओ `WhatsApp Video` नावाच्या वेगळ्या अल्बममध्ये असतात. गॅलरी उघडल्यावर समोर दिसणाऱ्या फोटोंच्या भाऊगर्दीत ते नसू शकतात. आईला खाली किंवा वर `Albums` असा शब्द शोधायला सांगा, तो दाबला की वेगवेगळ्या चौकटी येतील, त्यात `WhatsApp Video` ची चौकट असते.

गूगल फोटोज हीच ज्यांची गॅलरी आहे, त्यांची गंमत वेगळी. तिथे मुख्य पानावर प्रामुख्याने कॅमेऱ्याने काढलेलं आणि बॅकअप झालेलं दिसतं. व्हॉट्सॲपचा अल्बम `Collections` या भागात `On this device` खाली मिळतो. मागच्या वेळी आई "गेला, गेला" म्हणत होती आणि तो व्हिडिओ तिथे आरामात बसलेला होता. पाऊण तास आम्ही सेटिंग शोधत होतो.

फाइल ओळखायची असेल तर नाव बघा. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओचं नाव `VID-20250310-WA0004.mp4` असं असतं. मधले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. अल्बममध्ये शंभर व्हिडिओ असले तरी नेमका हवा तो त्यावरून मिळतो. मात्र नाव पाहायला व्हिडिओ उघडून तपशील उघडावा लागतो, हे काम आईला सांगायचं नाही, आपण करायचं.

तिसरी पायरी: लपवलेला असेल तर

अल्बमच नसेल, किंवा त्यात ताजे व्हिडिओ येत नसतील, तर सेटिंग बंद आहे. व्हॉट्सॲपमध्ये वरचे तीन ठिपके, मग `Settings`, मग `Chats`, आणि तिथे `Media visibility` पुढचं बटण चालू करायचं. काम एवढंच.

पण मला ते सरसकट चालू करणं पटत नाही. मोठमोठ्या गटांतून येणारे शुभेच्छांचे फोटो आणि लांबलचक व्हिडिओ गॅलरीत येऊन पडले, की नातीचा नाच त्यात हरवतो. त्यापेक्षा सर्वसाधारण सेटिंग बंद ठेवा आणि घरच्यांच्या गटापुरतं चालू करा. त्यासाठी तो गट उघडायचा, वरचं नाव दाबायचं, खाली `Media visibility` सापडेपर्यंत सरकवायचं आणि `Yes` निवडायचं. हे एकदाच करायचं असल्यामुळे आईला शिकवू नका, भेटीला गेलात की स्वतः करून द्या.

एक मर्यादा इथे लक्षात ठेवा. हे सेटिंग पुढे उतरणाऱ्या व्हिडिओंना लागू होतं, आधी उतरलेल्यांना नाही. त्यामुळे चालू केल्यावरही जुना व्हिडिओ गॅलरीत दिसला नाही, तर चॅटमध्ये तो उघडायचा, वरचे तीन ठिपके दाबायचे आणि यादीत `Save` असेल तर ते निवडायचं.

आयफोनवर याचं नाव `Save to Photos` आहे, तेही `Settings` मधल्या `Chats` मध्ये सापडतं. एकच व्हिडिओ घ्यायचा असेल तर तो उघडून, वर जाणारा बाण असलेली चौकट दाबून `Save` निवडायचं.

आता जे कुणी सांगत नाही ते

अँड्रॉइडवर चॅटमधला व्हिडिओ आणि गॅलरीतला व्हिडिओ सहसा वेगवेगळे नसतात. एकच फाइल, तिला दोन खिडक्या. आईला मी असंच सांगितलं: "देवघरात मूर्ती एकच आहे, तू हॉलमधून बघ नाहीतर स्वयंपाकघरातून बघ." तिला लगेच पटलं, आणि मग तिनेच विचारलं, "म्हणजे इकडून काढली की तिकडूनही जाणार?" अगदी बरोबर. गॅलरीत जागा करायला व्हिडिओ पुसला, तर चॅटमध्येही तो चालत नाही. आणि चॅट साफ करताना, गॅलरीतल्या फाइलीही काढायच्या का अशी एक खूण करायची चौकट येते. तिच्यावर खूण राहिली, तर व्हिडिओ दोन्हीकडून जातो. ती चौकट नीट वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नकोस, हे आईला ठासून सांगा.

चुकून गॅलरीतून पुसला गेलाच, तर गॅलरीचा `Trash` किंवा `Recycle bin` बघा. बहुतेक फोनांत साधारण ३० दिवस तो तिथे पडून असतो.

खरंच जपायचा असलेल्या व्हिडिओची वेगळी प्रत हवीच. गॅलरीत तो उघडून दुसऱ्या अल्बममध्ये `Copy` करा. `Move` केलंत तर मूळ जागची फाइल उचलली जाते आणि चॅटमधून ती उघडेनाशी होऊ शकते. अल्बमला आईला ओळखता येईल असं नाव द्या. आमच्याकडे त्याचं नाव नुसतंच "नात" आहे.

सगळं झाल्यावर एक चाचणी घ्या. विमान मोडने चालू असलेला कॉलही तुटतो, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा: फोन ठेवल्यावर विमान मोड चालू करायचा, वाय-फाय चालू राहिलं तर तेही बंद करायचं, म्हणजे इंटरनेट बंद होईल, आणि मग गॅलरीतून व्हिडिओ चालवायचा. चालला, तर तो फोनमध्ये आहे. नाही चालला, तर पहिल्या पायरीपासून पुन्हा. आणि नंतर विमान मोड बंद करायचा हेही तेव्हाच सांगून ठेवा, नाहीतर तासाभरात शेजारच्यांच्या फोनवरून आईचा फोन येईल की मोबाइल बंद पडलाय.